करंगळीच्या बेचक्यातली बुरशी आणि गोव्याचा पावसाळा

«डॉक्टर, नमस्कार. मी साखळीला राहतो आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. तिथे सेफ्टी शूज सक्तीचे आहेत. पाऊस सुरू झाला की दोन्ही पायांच्या करंगळीजवळची कातडी पांढरी पडून सोलते, रात्री खाज सुटते, वासही येतो. फार्मसीतून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज जाते, ट्यूब बंद केली की पंधरवड्यात परत येते. यंदा तर खाज जांघेतही आली आहे. आई खोबरेल तेलात हळद घालून लावायला सांगते. आईला मधुमेह आहे आणि तिच्याही पायाच्या बोटांत भेग पडली आहे. हे कायमचे जाण्यासाठी काय करावे?»

आईंच्या पायापासून सुरुवात करते, कारण तिथे थांबून चालणार नाही. मधुमेह बरीच वर्षे असला की पायांची संवेदना हळूहळू बोथट होते, त्यामुळे बोटांच्या बेचक्यातली भेग दुखत नाही आणि ती किती खोल गेली आहे हे त्यांना स्वतःला कळत नाही. बुरशी सहसा कातडीच्या वरच्या थरातच राहते, पण तिने पाडलेल्या भेगेतून जिवाणू आत शिरतात आणि मग पायाच्या पाठीवर सूज, लाली, ऊब आणि ताप असे दुखणे उभे राहते. आज दिवसाउजेडी त्यांचे दोन्ही पाय तुम्ही स्वतः पाहा. प्रत्येक बेचके हलक्या हाताने उघडून पाहा आणि तळवाही तपासा. लाली बोटांवरून वर सरकलेली दिसली, पाय हाताला गरम लागला, भेगेतून पू किंवा रक्तमिश्रित पाणी येत असेल, कातडी काळसर पडली असेल किंवा ताप असेल, तर आजच्या आज त्यांना आरोग्य केंद्रात न्या. यांपैकी काहीही नसले तरी दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना पाय दाखवावा आणि त्याच वेळी रक्तातली साखर तपासून घ्यावी. तोवर भेगेवर तेल, हळद किंवा चुना लावू नका आणि पाय गरम पाण्यात बुडवून ठेवू देऊ नका, कारण बोथट पायाला भाजलेलेही समजत नाही. घरातल्या घरातही त्यांनी मऊ चप्पल घालावी.

आता तुमच्या पायाकडे वळते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्यामधले बेचके पायातले सगळ्यांत अरुंद बेचके असते. बुटाचा पुढचा भाग ही दोन बोटे एकमेकांवर दाबून धरतो, त्यामुळे तिथे वारा पोहोचत नाही आणि घाम वाळत नाही. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो तासन्‌तास ओला राहिला की पाणी शोषून फुगतो, पांढरा आणि लिबलिबीत होतो, आणि ट्रायकोफायटन जातीच्या बुरशीला असा थर आयताच मिळतो, कारण त्या थरातले केराटिन हेच तिचे अन्न आहे. पाय अस्वच्छ असावा लागत नाही, दिवसातून दोनदा साबण लावणाऱ्याच्या पायालाही ती होते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतच इतके पाणी असते की रात्रभर दोरीवर टाकलेला मोजा सकाळी हाताला दमट लागतो. लोखंडी टोपणाच्या बुटाला तर हवा जायला वाटच नसते. बुरशीने सैल केलेल्या कातडीवर पुढे जिवाणूही वाढतात आणि तुम्हाला येतो तो वास बहुतेक त्यांचाच असतो.

बेचक्यात पांढरी दिसणारी प्रत्येक कातडी बुरशीची नसते, एवढे मात्र ध्यानात ठेवा. दिवसभर शेतात लावणी करणाऱ्यांच्या किंवा मासे धुणाऱ्यांच्या पायाला ज्या चिखल्या होतात, त्यांत बहुतेक बेचकी आणि तळवाही सारख्याच प्रमाणात सुरकुततात, चुरचुरतात, आणि पाय एक-दोन दिवस कोरडा ठेवला की बऱ्याच अंशी आपोआप उतरतात. बुरशी शेवटच्या बेचक्यात ठाण मांडते. तिची खाज चुरचुरण्यापेक्षा वेगळी असते, ती बूट काढल्यावर आणि रात्री उसळते. सोललेल्या कातडीची कड बोटाच्या खालच्या बाजूला सरकते आणि पाय दोन दिवस कोरडा राहिला तरी ती जात नाही. तुमचे दुखणे वर्षानुवर्षे त्याच जागी उगवते आणि आता जांघेत उतरले आहे, म्हणून ते बुरशीचे असण्याची शक्यता फार मोठी आहे. चिखल्यांमुळे बुरशीचा शिरकाव सोपा होतो, हेही खरे. म्हणून दोन्हींत पाय कोरडा करणे हे पहिले काम.

दोन दिवसांत खाज घालवणारी ती ट्यूब घेऊन उजेडात बसा आणि खोक्याच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव तिथे असेल तर त्या मलमात स्टेरॉइड आहे. बहुतेकदा त्याच्या जोडीला बुरशीचे औषध आणि एखादे प्रतिजैविक असते, त्यामुळे एका ट्यूबमध्ये सगळ्यावर इलाज मिळाला असे वाटते. प्रत्यक्षात स्टेरॉइड कातडीची लाली आणि खाज दाबते, म्हणजे शरीर बुरशीशी जी झुंज देत असते तीच थांबवते. वरून सगळे शांत दिसते, खाली बुरशी निवांत पसरते, आणि मलम थांबवले की दबलेली खाज पहिल्यापेक्षा जोराने परत येते. दोन दिवसांत आराम आणि पंधरवड्यात पुनरागमन हा तुमचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे, तरीही ती सर्रास मागून घेतली जातात. याची मला मनापासून काळजी वाटते, कारण जांघेची कातडी पातळ असते. तिथे महिनोन्‌महिने असे मलम लागले तर पडणारे लालसर पट्टे पुढे पांढरे होतात, पण कायमचे राहतात.

ही ट्यूब आजच बंद करा. त्यानंतर काही दिवस खाज वाढेल, ते अपेक्षितच आहे. त्या दिवसांत पुन्हा त्याच ट्यूबकडे हात जातो आणि सगळे मुळापासून सुरू होते, म्हणून रात्री झोपताना घ्यायची खाजेची साधी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. जांघेतले दुखणे तर एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. स्टेरॉइड लागून पसरलेली बुरशी नुसत्या मलमाने पुष्कळदा आटोपत नाही, पोटात घ्यायची गोळी द्यावी लागते, आणि ती गोळी यकृत आणि चालू असलेली इतर औषधे पाहूनच ठरवायची असते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा विभाग आहे, जवळच्या आरोग्य केंद्रातूनही तिथे जाता येते.

कोरडे करणे म्हणजे नेमके काय, हे तुमच्या दिवसाच्या क्रमाने सांगते. सकाळी पाय साध्या साबणाने धुवावा, सोललेली कातडी नखाने ओढू नये आणि ब्रशने घासू नये, कारण ओरखड्यातून जिवाणू आत जातात. जंतुनाशक पाण्यात पाय बुडवून बसण्यातही अर्थ नाही, त्याने कातडी चुरचुरते आणि पुन्हा भिजते. न्हाणीतून बाहेर आल्यावर अंग जाड टॉवेलने पुसा, पण पायांसाठी एक जुना, मऊ, सुती पंचा वेगळा ठेवा. पाय सगळ्यांत शेवटी पुसावेत, म्हणजे बुरशी अंगभर फिरत नाही. दोन बोटे हलकेच फाकवून पंच्याची कड बेचक्यात घाला आणि चोळण्याऐवजी टिपा. एका पायाला मिनिटभर सहज लागतो, आणि बहुतेक लोक नेमका एवढाच वेळ वाचवतात. मग पंख्यासमोर पाच-दहा मिनिटे पाय लांब करून बसा, चहा तिथेच प्या. चांगले वाळले आहे हे ओळखण्याची खूण अशी की बोटाने बेचके पुसले तर बोट चिकटत नाही आणि पांढरेपणा कमी झालेला दिसतो. त्यानंतरच मलम लावा आणि ते मुरल्यावर मोजा घाला. जांघेत खाज आहे तोवर मोजे आधी आणि अंतर्वस्त्र नंतर असा क्रम ठेवा, नाहीतर अंतर्वस्त्र चढवताना पायाची बुरशी ओढत वर जाते. तुमच्या जांघेत ती बहुधा अशीच पोहोचली असावी, आणि पाय व जांघ एकाच टॉवेलने पुसणे हाही तसलाच मार्ग आहे.

साखळीहून कुंडईपर्यंत पावसात स्कूटरने जाणाऱ्या माणसाचा बूट रेनकोट असूनही भिजतोच, कारण पाणी पँटच्या काठावरून आत उतरते. म्हणून घरातून निघताना मोजे काढा आणि प्रवासात रबरी सँडल घाला. बूट, मोजे आणि छोटा पंचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या आणि कारखान्यात पोहोचल्यावर पाय टिपून बूट चढवा. जेवणाच्या सुट्टीत एकदा बूट काढा, बेचके पुसा आणि मोज्यांची दुसरी जोडी घाला. सुती मोजा घाम शोषतो खरा, पण तो ओला झाल्यावर स्वतःच पायाला ओलावा देत राहतो, म्हणून दोन जोड्या जवळ असणे महत्त्वाचे. घरी आलात की दाराशीच बूट आणि मोजे काढा आणि पाय धुऊन पुन्हा त्याच पद्धतीने कोरडे करा. संध्याकाळी घरात बोटे मोकळी राहतील अशी चप्पल चालेल. घामाचा मोजा घालून बसू नका.

मलम साधे असावे, म्हणजे त्यात फक्त बुरशीचे औषध असावे. क्लोट्रिमाझोल 1 टक्का किंवा टर्बिनाफिन 1 टक्का यांपैकी कोणतेही पायाला चालते. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा चार आठवडे लावायचे असते. टर्बिनाफिन दिवसातून एकदा किंवा दोनदा लावतात आणि बेचक्याच्या बुरशीसाठी पाकिटावर अनेकदा एकच आठवडा लिहिलेला असतो. गोव्याचा पावसाळा आणि दिवसभर बंद राहणारा बूट लक्षात घेता मी कोणत्याही मलमासाठी चार आठवडेच सांगते, निदान कातडी पूर्ण बरी दिसल्यावर आणखी दोन आठवडे. खाज थांबते तेव्हा बुरशी मेलेली नसते, ती फक्त थोडी उरलेली असते. लोक बहुतेक दहाव्या-बाराव्या दिवशी मलम सोडतात आणि त्या उरलेल्या थोड्यातूनच पुढचा पूर येतो, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटची तारीख आजच लिहून ठेवा.

लावण्याची पद्धतही बऱ्याचदा चुकते. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर निघणारी रेघ ही एक मात्रा धरली, तर दोन्ही पायांच्या बेचक्यांना आणि आसपासच्या कातडीला एक मात्रा साधारण पुरते. फक्त पांढऱ्या ठिपक्यावर लावू नका. दोन्ही पायांच्या सगळ्या बेचक्यांत, बोटांच्या खालच्या बाजूला आणि दिसणाऱ्या कडेच्या पुढे सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी दिसते त्याहून पुढे गेलेली असते. मलम पातळ पसरवून पांढरेपणा दिसेनासा होईपर्यंत मुरवा. बेचक्यात पांढरा थर साचला तर तोच ओलावा धरून ठेवतो आणि सगळी मेहनत वाया जाते. लावून झाल्यावर हात साबणाने धुवा.

बेचके लाल, ओलसर आणि भेगाळलेले असेल तर जळजळ होईल. तशा वेळी आधी एक-दोन दिवस पाय मोकळा ठेवून ओल कमी करावी. डॉक्टर कधीकधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात भिजवलेले फडके काही मिनिटे ठेवायला सांगतात. ते सांगितले तर खडा पूर्ण विरघळला आहे याची खात्री करा, कारण न विरघळलेला कण कातडी जाळतो. पावडर ओल्या जखमेवर टाकू नये, तिचा गोळा होऊन बेचक्यात घासतो. क्लोट्रिमाझोलची पावडर कोरड्या मोज्यात आणि बुटात सकाळी भुरभुरवावी, तिथेच तिचा खरा उपयोग आहे, आणि चार आठवड्यांचा उपचार संपल्यावरही पाऊस ओसरेपर्यंत ती चालू ठेवावी.

आता बुटाकडे. ओल्या बुटात पुन्हा पाय घालणे म्हणजे रोज सकाळी बुरशीला नव्याने घरी बोलावणे. सेफ्टी शूजच्या दोन जोड्या असाव्यात आणि एक आड एक दिवस वापराव्यात, कारण पावसाळी हवेत एक बूट पूर्ण सुकायला रात्र पुरत नाही. कंपनी एकच जोडी देत असेल तर दुसरीची मागणी लेखी करा, ही मागणी अवाजवी नाही. रात्री आतला तळ बाहेर काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे गोळे कोंबा, तासाभराने ओले झालेले गोळे बदला आणि बूट पंख्याच्या वाऱ्यात तोंड वर करून ठेवा. कपाटात किंवा गच्च पिशवीत तो वाळत नाही. गॅसजवळ ठेवू नये, तळाचा चिकट थर सुटतो. बूट घेताना बोटे एकमेकांवर चढणार नाहीत इतका रुंद पुढचा भाग पाहावा. मोजे साध्या गार पाण्यात घुसळून बुरशीचे बीजाणू पूर्ण जात नाहीत, ते साठ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात साबणाने धुवावेत आणि वाळल्यावर इस्त्री फिरवावी. पावसाळ्यात ऊन नसताना मोज्याच्या शिवणीतली ओल इस्त्रीनेच जाते. चार-पाच वर्षांचे फाटके, आत वास बसलेले मोजे टाकून द्या.

घरातल्या माणसांचाही विचार करावा लागेल. न्हाणीच्या दाराशी ठेवलेले पायपुसणे सगळ्यांच्या ओल्या पायांना स्पर्श करते, ते दोन दिवसांआड गरम पाण्याने धुवा किंवा पावसाळ्यापुरते काढूनच टाका आणि प्रत्येकाने न्हाणीत स्वतःची चप्पल घालावी. पत्नी आणि मुलांची बेचकी एकदा उजेडात पाहा, कुणाला सोललेली दिसली तर त्यांचाही उपचार त्याच वेळी सुरू व्हावा, नाहीतर बुरशी घरातच फिरत राहते. तुमच्या अंगठ्याचे किंवा इतर बोटाचे नख जाड, पिवळे, ठिसूळ झालेले असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, कारण नखातली बुरशी मलमाला दाद देत नाही आणि कोरडी केलेली कातडी पुन्हा पुन्हा बाधित करत राहते. अशा वेळी आधी नखाचा बंदोबस्त करावा लागतो.

आईंचा खोबरेल तेलाचा सल्ला प्रेमाचा आहे आणि हिवाळ्यात कोरड्या टाचेला तो चांगलाही आहे. बेचक्यात मात्र तेल पाण्याला बाहेर जाऊ देत नाही, आणि हळदीच्या पिवळेपणात लाली वाढते आहे की उतरते आहे हे दिसेनासे होते. त्यांना असे सांगा की टाचेला तेल लावू, बोटांच्या मधे नको. ठेचलेला लसूण किंवा चुना लावण्याची प्रथाही काही घरांत आहे, त्याने कातडी अक्षरशः भाजते आणि भाजलेल्या बेचक्याची जखम भरायला पंधरा-पंधरा दिवस लागतात.

हे सगळे नीट केल्यावर पहिल्या आठवड्यात वास आणि ओलावा कमी होतो, दुसऱ्या आठवड्यात सोलणे थांबू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कातडीचा रंग परत येतो. चार आठवडे नियमाने मलम लावूनही फरक पडला नाही तर मलम बदलत बसू नका. तज्ज्ञ बेचक्यातली कातडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यात बुरशीचे धागे दिसतात की नाही हे लगेच कळते. त्या तपासणीला जाण्याआधी काही दिवस कोणतेही मलम लावू नका, नाहीतर बुरशी असूनही दिसत नाही. कधी निदान वेगळेच निघते. कोरिनेबॅक्टेरियम नावाचा जिवाणू जवळपास हुबेहूब चित्र करतो, त्याला प्रतिजैविक लागते. हिरवट ओलावा आणि उग्र वास असला तर दुसऱ्या जातीच्या जिवाणूची शंका घ्यावी लागते. आपल्या देशात अलीकडे टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही आढळते, विशेषतः अंगावरच्या आणि जांघेतल्या गजकर्णात, तेव्हा डॉक्टर दुसऱ्या गटातले औषध निवडतात. म्हणून तपासणीला जाताना आजवर वापरलेल्या प्रत्येक ट्यूबचे रिकामे खोके सोबत न्या. ट्यूब किती दिवस लावली, कुठे लावली आणि कधी बंद केली हे एका कागदावर लिहून द्या.